एका दमात किती?

आमच्या घरी पावसाळ्यात, दिवे गेले की सापांच्या गोष्टी निघायच्या, आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळ्या सापाची असे. आजीची फुरशाची होती. गवत कापताना फुरसं चावलं, पाय गुडघ्यापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त आलं आणि तरीही ती वाचली. घोट्याजवळचा काळपट वण ती आम्हा पोरांना दाखवायची. त्या एका अनुभवावरून तिने एक नियम केला होता: सूज नाही, तर विष नाही. फुरशापुरता तो पुष्कळसा खरा आहे. पण माझ्या आत्याची गोष्ट मण्यारीची होती. ती सुरू झाली की आजी मध्येच म्हणे, “पण पाय सुजलो कित्याक नाय?” आत्या दर वेळी सांगे, “आई, म्हणूनच तर कळत नाही.”

आत्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली. डॉ. विल्यम वान्लेस यांनी उभारलेल्या त्या हॉस्पिटलात सांगली-कोल्हापूरकडचे रुग्ण येत, तसे अथणी-चिकोडीकडचेही येत. त्यामुळे तिला कन्नड येऊ लागलं, तेही वॉर्डातलं: कुठे दुखतं, कधीपासून, श्वास घ्या, घाबरू नका. मग ती सावंतवाडीच्या बाजूला एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात लागली. तिथे रात्रपाळी आठ ते आठ असे. दोन तरुण डॉक्टर, एक ऑक्सिजनचा सिलिंडर, एक अंबू बॅग, आणि पंधरवड्यातून एकदा बेळगावहून आंबोली घाटाने येणारे फिजिशियन एवढंच तिथलं भांडवल. बेळगावचे डॉक्टर इंग्रजी आणि कन्नड बोलत, हिंदी जेमतेम. रुग्ण बोलत मालवणी. मधला सगळा रस्ता आत्याचा होता.

गोष्ट १९८३च्या पावसाळ्यातली. सिंधुदुर्ग रत्नागिरीपासून वेगळा होऊन दोन वर्षं झाली होती. आंबोलीला दरड कोसळून घाट बंद झाला होता, म्हणून बेळगावचे डॉक्टर त्या रात्री परत न जाता दवाखान्याच्याच एका खोलीत मुक्कामाला राहिले होते. पहाटे तीनच्या सुमारास दुधाच्या टेम्पोतून एक कुटुंब आलं. अकरा-बारा वर्षांची मुलगी, तिची आई, बाप, आजा आणि एक काका. तक्रार एकच: पोटात भयंकर दुखतं आणि दोनदा उलटी झाली. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. पोट मऊ होतं. जंत असतील किंवा अपेंडिक्सची सुरुवात असेल, असं त्यांना वाटलं. तसं वाटणं चुकीचं नव्हतं, शंभरांतल्या बहुतेक पोटदुख्या तशाच निघतात.

आत्या कंदील घेऊन मुलीचं नाव विचारायला वाकली तेव्हा तिला पापण्या दिसल्या. मुलगी जागी होती, उत्तर देत होती, पण डोळे अर्धेच उघडे होते. “झोप येता काय गो?” “नाय.” “मगे डोळे उघड बघया.” मुलीने उघडायचा प्रयत्न केला, तेव्हा पापण्यांऐवजी कपाळ वर गेलं. आत्या सरळ मागच्या खोलीकडे गेली आणि तिने बेळगावच्या डॉक्टरांना उठवलं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, साप कधी चावला? आत्याने तो विचारला आणि चौघांनीही एकदम मान हलवली. कुणाला काही चावलेलं नव्हतं. डॉक्टरांनी अंगावर खूण शोधायला सांगितलं. पायाचे तळवे, बोटांच्या बेचक्या, कानामागे, केसांत, सगळीकडे पाहिलं. काहीही सापडलं नाही. मण्यारीचे दात बारीक असतात, सूज येत नाही, आग होत नाही, चावल्यावर झोपलेलं माणूस पुष्कळदा जागंही होत नाही. हे डॉक्टरांना माहीत होतं, पण ते विचारायचं कसं, हे त्यांच्यापाशी नव्हतं. ते पुन्हा पुन्हा तोच प्रश्न, जरा मोठ्या आवाजात, विचारत राहिले.

आत्याने त्यांना कन्नडमध्ये सांगितलं, “मला माझ्या पद्धतीने विचारू द्या. उत्तर आलं की जसंच्या तसं सांगते.” मग तिने साप हा शब्दच काढला नाही. रात्री घरात कुणी तो उच्चारत नाही, हे तिला ठाऊक होतं. मुलगी कुठे झोपली होती? जमिनीवर, गोधडीवर, आजीच्या बाजूला. दुखायला लागलं कधी? बाराच्या पुढे. त्याआधी काही? मुलगी एकदा कूस बदलून “उंदीर” असं काहीतरी म्हणाली होती, तेवढंच. घरात भात कुठे ठेवता? त्याच खोलीत, कणगीत. भात आहे म्हणजे उंदीर आहेत, आणि उंदरांच्या मागे येणाऱ्या मण्यारीचा हिशेब आत्याला कळत होता. मग ती आज्याकडे वळली. “आजोबा, संध्याकाळी परड्यात काय लांबडा दिसला?” म्हातारा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तिन्हीसांजेक गोठ्याकडे दिसला. काळा. बारीक पांढरे पट्टे. मी काय बोललंय नाय, पोरां भियाली असती.”

आत्याने ते एकेक वाक्य डॉक्टरांना दिलं. काळा, बारीक पांढरे पट्टे, गोठ्याजवळ, सूर्य मावळताना. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. आता कुणाला काही विचारायची गरज नव्हती.

पुढची तपासणी मात्र आत्याच्या तोंडून झाली. डॉक्टर सांगत, ती मालवणीत मुलीला सांगे. उशीवरून डोकं उचल. उचललं, पण धरता आलं नाही. थुंकी गिळ. अर्धी गिळली, अर्धी ओठाच्या कडेने आली. मग डॉक्टर म्हणाले, एका श्वासात आकडे मोजायला सांगा. “एक दम घे बाय, आणि जितक्या जमतला तितक्या मोज.” मुलगी वीसपर्यंत पोचली. वीस मिनिटांनी बारा. आणखी पंधरा मिनिटांनी सात. ना यंत्र, ना रक्ताची चाचणी. श्वासाचे स्नायू किती उरलेत, हे त्या आकड्यांनी सांगितलं. आत्या म्हणायची, “बारा ऐकलं तेव्हा मी ट्रे मांडायला घेतला. सात ऐकलं तेव्हा डॉक्टरांनी न सांगता लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून पाहिला.”

दरम्यान दवाखान्यातल्या विषप्रतिकारक लसीच्या सहाही कुप्या काढल्या होत्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारी ही लस घोड्यांच्या रक्तापासून करतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव आमच्याकडे घरोघरी ठाऊक होतं ते या लसीमुळेच. भुकटी पाण्यात विरघळवून सलाइनमधून सोडली. डॉक्टरांनी निओस्टिग्मिनचं इंजेक्शनही अॅट्रोपिनच्या जोडीने देऊन पाहिलं. नाग चावलेला असता तर अर्ध्या तासात पापण्या बहुधा वर आल्या असत्या. इथे काहीच झालं नाही. मण्यारीचं विष नसांची टोकंच निकामी करतं. ती टोकं पुन्हा उगवायला दिवस लागतात, आणि एकदा पकड बसली की लसही ती सोडवू शकत नाही. रक्तात फिरणारं उरलेलं विष तेवढं ती अडवते. तोवर माणसाचा श्वास दुसऱ्या कुणीतरी घ्यावा लागतो.

वॉर्डातले जुने मामा, ज्यांनी हयात त्या दवाखान्यात काढली, ते मरेपर्यंत सांगत, “त्या डोळ्यांच्या इंजेक्शनान चेडू वाचला.” डोळ्यांचं इंजेक्शन म्हणजे तेच निओस्टिग्मिन. मामांनी नाग चावलेल्या दोघांचे डोळे त्या इंजेक्शनने उघडताना पाहिले होते, म्हणून त्यांची खात्री होती. आत्या त्यांना कधी खोडून काढत नसे. पण आम्हाला सांगे, “मामांनी पाहिलं ते खरं होतं, फक्त ते या मुलीचं नव्हतं.”

सातचा आकडा आल्यावर नळी घालायचं ठरलं आणि तिथे घोडं अडलं. काका पुढे झाला. त्याच्या भावकीत एकाच्या घशात अशीच नळी घातली होती आणि तो घरी परतला नव्हता. “आमका घराक न्हेवंक देवा. थंय देवाक सांगतंव.” डॉक्टर आत्याकडे पाहून बोलू लागले. आत्या दोन पावलं मागे सरकली आणि मुलीच्या आईच्या मागे जाऊन उभी राहिली, म्हणजे डॉक्टरांना बोलताना आईकडे पाहावं लागेल. ते बोलले. आत्याने त्यांचं वाक्य गोड न करता दिलं: “नळी घातली नाही तर तासाभरात श्वास थांबेल. घरी पोचायच्या आत.”

आईने विचारलं, “आणि घातल्यार?”

डॉक्टर म्हणाले, अर्धी आशा आहे, जास्त सांगता येत नाही. शिवाय व्हेंटिलेटर इथे नाही. पणजीला न्यायचं तर बांद्याला तेरेखोलचं पाणी रस्त्यावर आलंय, बेळगावला न्यायचं तर घाट बंद. हाताने बॅग दाबत ठेवावी लागेल, किती दिवस ते माहीत नाही, आणि इतकी माणसं आपल्याकडे नाहीत.

आत्याने हे सगळं सांगितलं, फक्त ‘अर्धी’ सांगितलं नाही. “खात्री देत नाहीत, पण वाट आहे म्हणतत,” एवढंच म्हणाली. हा शब्द तिने का गाळला, यावर आमच्या घरात अनेक वर्षं वाद झाला. आजीचं म्हणणं, बरंच केलं, त्या बाईला आकडा कशाला? माझे वडील म्हणत, पोर त्यांची, निर्णय त्यांचा, मग आकडाही त्यांचाच. आत्या दोन्ही ऐकून घेई. एकदा तिने मला सांगितलं, “काका दारात टेम्पो चालू करून उभा होता. ‘अर्धी’ म्हटलं असतं तर त्याने ‘मरणारच’ ऐकलं असतं. पण त्याने काय ऐकलं असतं, हे ठरवायचा हक्क मला होता का, ते मला अजून कळलेलं नाही.”

आईने होकारार्थी मान डोलावली. नळी घातली. तरुण डॉक्टर बॅग दाबू लागले.

मग बेळगावच्या डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली आणि आत्याला ती कुटुंबाला सांगायला लावली. १९५२मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वास थांबलेली मुलं रोज दवाखान्यात येत होती आणि यंत्रं मूठभर होती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने ऑगस्टमध्ये बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत गळ्यातून नळी घालून हाताने पिशवी दाबत तिला जगवलं. त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी पाळ्या लावून बसले, आणि शेकडो तरुणांनी आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस मुलांचे श्वास हाताने घेतले. पुढे काही वर्षांनी त्याच देशात आपोआप फुगणारी ही अंबू बॅग तयार झाली. आत्याने ते असं सांगितलं: “लांबच्या एका गावात अशीच मुलां पडली होती. यंत्र नव्हता. तिथल्या पोरांनी लोहाराच्या भात्यासारखी ही पिशवी हातांनी दाबली, आळीपाळीने. तुम्ही कितके जण असात?”

बाप म्हणाला, “वाडीत तीस घरां असत.”

उजाडायच्या आत टेम्पो माणसं आणायला परत गेला होता.

पण त्याआधी सगळ्यात कठीण वेळ आली. साडेपाचच्या सुमारास मुलगी पूर्ण लुळी पडली. हात उचलून सोडला की तसाच पडे. डॉक्टरांनी पापणी वर करून बॅटरीचा झोत टाकला. बाहुल्या मोठ्या, आणि उजेडाने जराही आखडत नव्हत्या. काकाने ते पाहिलं. मेलेल्या माणसाचे डोळे त्याने पाहिले होते. शिवाय डॉक्टर पुन्हा पुन्हा डोळेच का बघतात, याचा त्याने आपल्यापरीने अर्थ लावला होता: मेलेल्यांचे डोळे काढून घेतात, हे त्याने कुठेतरी ऐकलेलं. तो ओरडला, आई जमिनीवर बसली आणि “माझा चेडू गेला” म्हणून तिने टाहो फोडला. बॅग दाबणाऱ्या तरुण डॉक्टरांचाही हात क्षणभर अडखळला. त्यांनी पुस्तकात वाचलं होतं की स्थिर, मोठ्या बाहुल्या म्हणजे मेंदू गेला.

बेळगावचे डॉक्टर मोठ्याने म्हणाले, दाबत राहा. मग आत्याला कन्नडमध्ये सावकाश सांगितलं: बाहुली आखडणारे स्नायूही या विषाने लुळे पडलेत. हृदय चालू आहे. मेंदूला काही झालेलं नाही. ती आपलं बोलणं ऐकत असणार.

आत्याने हे आईला सांगितलं, पण आईचा विश्वास बसेना. तेव्हा आत्याने मुलीच्या अंगावरची चादर पायांकडून बाजूला केली आणि आईला म्हटलं, “मी नाय, तू विचार.” मण्यारीच्या विषाने डोळे आणि गळा आधी जातो, पायाची बोटं बहुधा सगळ्यांत शेवटी. आई हुंदके देत म्हणाली, “बाय, तुका ऐकाक येता तर पायाचो अंगठो हलव.” काही झालं नाही. पुन्हा विचारलं. उजवा अंगठा तांदळाच्या दाण्याएवढा हलला. काका खाली वाकला, त्याने स्वतः विचारलं, आणि अंगठा परत हलला. मग तोच पहिला होता ज्याने बॅग हातात मागितली.

आत्याने त्याला मोजायला शिकवलं. दाब, सोड, छाती वर आली का बघ, मिनिटाला अठरा. जोरात नाही, घाईने नाही. तासाभराने माणूस बदलायचा, कारण थकलेला हात कमी दाबतो आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. छाती एकाच बाजूला उचलली किंवा पिशवी कडक लागली तर थांबून हाक मारायची: नळी सरकलेली असेल किंवा कफाने तुंबलेली असेल. दर थोड्या वेळाने नर्सने कफ ओढून घ्यायचा, दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि पापण्या पूर्ण मिटत नसल्यामुळे डोळ्यांवर ओली पट्टी ठेवायची. या सूचना तिने भिंतीवर कोळशाने मालवणीत लिहिल्या. मेट्रन नंतर रागावल्या, पण पुसू दिलं नाही.

एक ताकीद मात्र तिने लिहिली नाही, तोंडानेच दिली: पलंगाजवळ कुणी रडायचं नाही, आणि मरणाचं बोलायचं नाही, मुलगी ऐकते.

घाट तिसऱ्या दिवशी मोकळा झाला, तोवर बेळगावचे डॉक्टर तिथेच होते. गावातली माणसं पाळीने येत, भाकरी बांधून आणत. चौथ्या दिवशी मुलीने बोटं मुठीत आवळली. पाचव्या दिवशी तिची छाती पिशवीच्या विरुद्ध आपल्या तालाने हलू लागली. सहाव्या दिवशी नळी काढली. घसा बसलेला होता, तरी आत्याने तिला पहिली गोष्ट तीच विचारली: एका दमात मोज. मुलगी चौदापर्यंत गेली.

पुढे आत्याने तिला विचारलं, तुला काय काय आठवतं? ती म्हणाली, सगळं. आईचा टाहो, काकाचं ओरडणं, आणि काळोखात कुणीतरी आकडे म्हणतंय. माझे वडील शंका काढत: इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट, त्यातलं तिचं किती आणि ऐकलेलं किती? आत्यालाही ते सांगता येत नसे. पण अशा लुळ्या पडलेल्या माणसांची जाण शाबूत असते आणि ती बरी झाल्यावर ऐकलेलं सांगतात, हे तिने पुढेही पाहिलं.

आजीने मात्र आपला नियम शेवटपर्यंत सोडला नाही. फक्त त्यात एक भर घातली: सूज नाही, तर विष नाही, पण पापणी पडली तर धावत सुटा. आत्या म्हणे, “एवढं कळलं तरी पुरे.”

आता महाराष्ट्रात १०८ला फोन केला की रुग्णवाहिका येते आणि सापाची लस सरकारी दवाखान्यांत मिळते. त्या रात्री दुधाचा टेम्पो आणि लसीच्या सहा कुप्या एवढंच हाताशी होतं. पण मण्यार तीच आहे, आणि पावसाळ्यात उंदरांच्या मागे ती अजूनही घरात येते. म्हणून जमिनीवर झोपू नका. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. रात्री अचानक पोटात दुखणाऱ्या मुलाच्या पापण्या पडत असतील तर चावल्याची खूण शोधत बसू नका, एका दमात आकडे मोजायला सांगा आणि मोजत-मोजतच दवाखान्याची वाट धरा. आणि कधी डॉक्टर आणि घाबरलेलं कुटुंब यांच्यामध्ये तुम्हालाच उभं राहावं लागलं, तर दोघांचं बोलणं दोघांना पुरतं पोचवा, आणि पलंगावरचं माणूस ऐकत आहे असं धरूनच बोला.